हात आधी मागायचा

एखाद्याच्या कष्टावर तुम्ही कधी चार ओळी लिहिल्या असतील, फोटो काढला असेल. पण काढू का, असं आधी विचारलं होतं का?

धारवाडच्या सुभाष रोडवर बांगड्या भरणारी एक अक्का बसायची. गिऱ्हाईक समोर टेकलं की ती आपला तळवा उताणा करून पुढे धरायची. "हात देतेस, अव्वा?" कानडीत आई म्हणत एवढं विचारून थांबायची. बाई हात ठेवेपर्यंत तिला शिवायची नाही, मग मागे कितीही खोळंबा होवो.

मला तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, "बांगड्या बेड्या असतात. मी घालत नाही."

"बरं, तंगी," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली. "सावलीला तरी बस."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाचायला मी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवर शिकले होते आणि प्रत्येक वाक्य मोर्चाला निघाल्यासारखं लिहायचे. गावातल्याच सप्तापूर भागातल्या भाड्याच्या खोलीत आम्ही तिघा मित्रमैत्रिणींनी ठरवलं, रस्त्यावर पोट भरणाऱ्या बाईचा एक दिवस चित्रित करायचा. एका प्राध्यापकांनी आठ मिलिमीटरचा कॅमेरा दिला. त्यात आवाज येत नसे, म्हणून निवेदन मी पडद्याशेजारी उभी राहून वाचणार होते. एक रीळ जेमतेम साडेतीन मिनिटांचं. मला दम धरवत नव्हता.

तरी विचारायचं कसं, ते आम्ही वहीत लिहून काढलं होतं. निवेदनाच्या समासात लाल पेन्सिलीने खुणा होत्या: 'कॅमेरा पिशवीत. आधी बोल.' 'कुठे दाखवणार, कोण बघणार, सांग.' 'नवं गिऱ्हाईक. पुन्हा विचार.' 'तिने तळवा उभा केला की कॅमेरा बंद.'

अक्काने सगळं ऐकून घेतलं. "सगळ्यांच्या आधी मला दाखवशील?"

"दाखवीन."

"मग घे."

सकाळी ती जागा झाडून पाणी मारी. दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे जुडगे मापाप्रमाणे टांगी. हात दाबूनच तिला माप कळे, दोन-चार की दोन-सहा. अंगठा आत मुडपून, साबणाचं पाणी लावून ती बांगडी हाडावरून अशी सरकवी की बाईचं बोलणं तुटत नसे. भरताना बांगडी वाढली तर नुकसान तिचं. फुटली हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. भरून झालं की बायका तिला वाकून नमस्कार करत.

दुपारी रस्ता ओस पडला. एक बाई आली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. अक्काने एका डब्यातून दोन हिरव्या बांगड्या काढून तिच्या हातात भरल्या. बाई थोडा वेळ नुसती बसली. मग अक्काने त्या साबणाच्या पाण्याने अलगद उतरवून डब्यात ठेवल्या. बाई विधवा होती हे मला उशिरा उमगलं. कॅमेरा तोवर चालू होता. 'पुन्हा विचार' ही समासातली खूण मी पाहिलीच नाही.

रीळ धुऊन यायला दीड महिना लागला. तेवढ्यात मी त्या हातासाठी निवेदन लिहून काढलं: "हा हात रूढीला जाब विचारतो आहे." सभागृह ठरलं. बांगड्यांना बेड्या म्हणणारी मी त्या दोन बांगड्यांवर टाळ्या मोजत होते.

कबूल केल्याप्रमाणे अक्काला खोलीवर आणलं आणि भिंतीवर चित्र दाखवलं. स्वतःला बघून ती हसली, "किती वाकते गं मी." मग तो हात आला.

"हिला विचारलंस?"

"तोंड कुठं दिसतंय, अक्का? नुसता हात आहे."

"मनगटावर भाजल्याचा डाग आहे. घरातली माणसं हातावरून ओळखतात. मी अख्खं गाव ओळखते."

"पण हे लोकांनी बघायला हवं. अन्याय आहे हा."

"असेल. तू शिकलेली आहेस. राहायचं तिला आहे, सासऱ्याच्या घरात."

"मी विचारू तिला?"

"तू गेलीस की तिचं घर कळेल सगळ्यांना. मी विचारते."

आठवडाभर मी रोज सुभाष रोडला चकरा मारल्या. आठव्या दिवशी अक्का म्हणाली, "आली होती. नाही म्हणाली नाही."

"मग?"

"हो पण म्हणाली नाही. हात मागे घेतला. ते नाहीच, तंगी."

त्या रिळाची दुसरी प्रत नव्हती. कापलं की गेलं. मी अकरा सेकंद कापले, दोन टोकं चिकटपट्टीने जोडली आणि तो तुकडा अक्काला दिला. तिने तो हिरव्या बांगड्यांच्या डब्यात ठेवला. सभागृहात त्या जागी चित्राने गचका खाल्ला, आणि मी एक शब्दही वाचला नाही.

पुढे मी नोकरीसाठी गाव सोडलं. परत आले तेव्हा तिच्या जागी स्कूटर उभ्या होत्या. शेजारच्या दुकानदाराला ती कुठे गेली हे माहीत नव्हतं. डब्याचं मी विचारलं नाही.

तुम्हीही लिहाल, फोटो काढाल. त्याआधी हातातलं सगळं खाली ठेवा, तळवा पुढे करा आणि समोरचा हात येईपर्यंत थांबा. नाही आला, तर उठून या.