किटलीवरचा काळा डाग

तांबट तसा माणसांशी तुसडा आणि भांड्यांशी गोड. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आलं, की हा आधी त्याच्या हातांकडे बघणार आणि म्हणणार, "तेलकट हात लावू नका." मग ते गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसायचं. बायकोशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप बोलला. पण ऐरणीवर तांब्याचा पत्रा ठेवला की याची जीभ सुटायची. "वळ गं बाई, वळ, अशी अडून बसू नकोस," असं तो किटलीला म्हणायचा, आणि आतल्या खोलीत बायको हसायची. इतक्या लाडीगोडीने तो तिच्याशी लग्नाच्या नवलाईतसुद्धा बोलला नव्हता.

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणायचे. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे नवऱ्याची तब्येत तिला हातोडीच्या आवाजावरून कळायची. किटली घडून झाली की तो ती मठारायचा, म्हणजे लहान हातोडीने तिच्या अंगभर एकसारखे बारीक ठोके द्यायचा. ते ठोके संथ पडत असले की आज स्वारी खुशीत आहे, हे तिने भाजी चिरता चिरता ओळखावं.

गेली दोन-तीन वर्षं मात्र आवाजच कमी झाला होता. भांड्यांच्या दुकानांनी त्याचा माल घेणं बंद केलं. यंत्रावरची किटली लवकर मिळते, सारखी मिळते, हे त्यांचं म्हणणं. तांबटाने कुणाशी वाद घातला नाही. तो फक्त गप्प झाला, आणि मुळात गप्प असलेला माणूस आणखी गप्प झाला म्हणजे काय होतं, हे त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाच कळतं. शेवटी वहिनीच्या भाचीने हातकामाच्या वस्तू विकणाऱ्या एका वेबसाइटवर त्याचं नाव घातलं. फोटो पाठवा, ते पास झाले की माल विक्रीला लागेल, असा त्यांचा नियम होता. तांबट म्हणाला, "हे एक करून बघू. नाही झालं, तर दुकानाला कुलूप." तो उगाच बोलणारा माणूस नव्हता, म्हणून तर ती घाबरली.

त्याने आठ किटल्या घडवल्या. फोटोंचं काम वहिनीकडे आलं, कारण तांबटाच्या लेखी फोन ही कटकट होती. तिने पहिल्यांदा किटल्या दुकानातल्या फळीवरच मांडल्या आणि फ्लॅश मारून फोटो काढले. प्रत्येक किटलीच्या पोटावर पांढरा फटका उमटला आणि मागे कळकट भिंत. भाचीने फोनवरून तिची चांगली हजेरी घेतली.

"मावशी, फ्लॅश बंद. खिडकीच्या उजेडात काढ. पांढरा मोठा कागद घे, खाली अंथर आणि मागे भिंतीवर वर चढव, मध्ये घडी नको. फोन किटलीच्या तोंडाला नेऊ नकोस, तोटी हत्तीच्या सोंडेएवढी दिसते. लांब उभी राहा आणि झूम कर. आणि आधी ते भिंग पूस!"

भिंग पुसलं तर पदराला पॉलिशचं तेल लागलं. या घरात कुठल्या वस्तूला तेल नव्हतं म्हणा! मग तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पडद्यावर किटलीला बोट दाबून धरायचं, म्हणजे फोन तिथे नजर रोखतो, आणि मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा, म्हणजे तांबं फिकट पडत नाही, हेही शिकली. थंडीचे दिवस होते, अंगावर तिची जुनी काळी शाल होती. फोटो छान आले असं तिला वाटलं. तिने ते पाठवले.

उत्तर दोन ओळींचं आलं. वस्तूच्या पृष्ठभागावर काळे डाग दिसतात, फोटो नाकारले आहेत.

तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि इथेच घात झाला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, फोटो पुन्हा काढ. पण तांबटाला फोटोत काही चुकू शकतं हे ठाऊकच नव्हतं. त्याला ठाऊक होतं तांबं. डाग म्हणजे तांब्याला डाग, म्हणजे पत्रा तापवताना चुकलं, म्हणजे हात चुकला. त्याने आठही किटल्या लिंबू-मिठाने घासल्या, राखेने घासल्या, मऊ कापडाने आरशासारख्या केल्या. उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिल्या.

"तुला दिसतो का गं डाग?"

"नाही बाई."

"मलाही नाही दिसत," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज उतरला. "त्यांना दिसतो आणि मला दिसत नाही. म्हणजे हाताबरोबर डोळेही गेले."

तिने पुन्हा फोटो काढले, पुन्हा पाठवले. किटल्या आता अधिक लखलखीत होत्या. आज सकाळी उत्तर आलं. डाग आणखी ठळक दिसतात. अजून एकदा फोटो नाकारले गेले, तर नाव काढून टाकण्यात येईल.

तांबट ऐरणीपाशी बसून राहिला. जेवायलाही उठला नाही. वहिनीने त्याच्यापुढे ताट नेलं, ते तसंच परत आणलं. मग त्याने सांगितलं, की संध्याकाळी भंगारवाला येईल.

"अहो, एकदा शेवटचं बघते ना," ती काकुळतीला आली. "एक किटली द्या मला. एकच."

त्याने हाताला लागली ती किटली उचलून दिली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आतल्या खोलीत तिने दार लोटून घेतलं. कागद लावला, किटली ठेवली, फोटो काढला आणि जीव डोळ्यांत आणून बघत राहिली. फोनच्या तडकलेल्या काचेवर किटली सुपारीएवढी दिसत होती. तिने दोन बोटांनी फोटो ताणला. डाग होता! किटलीच्या पोटावर, बरोबर मध्ये, काळा, उभा.  तिने आणखी ताणला. डागाला खांदे होते. डागाला दोन हात होते आणि त्या हातांत एक चौकोनी तुकडा होता.

ती शाल होती. ती स्वतः होती.

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. नवऱ्याने घासून घासून किटलीचा आरसा केला होता, आणि जितकी किटली उजळ, तितकी ती त्यात काळी. भाचीला फोन लावला तर ती म्हणाली, "अगं मावशी, तू लप ना! पांढऱ्या चादरीमागे लप."

वहिनीने पांढरी चादर काढली. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून ती किटलीपुढे सोडली, दुसरी पातळ चादर खिडकीच्या बाजूने टांगली, म्हणजे उजेड गाळून आत येईल. पुढच्या चादरीला कात्रीने फोनच्या भिंगापुरतं भोक पाडलं. चांगली चादर होती, पण त्या घटकेला तिने घराचं छप्परही कापलं असतं. ती चादरीमागे उभी राहिली, भोकाला फोन लावला. किटलीत आता सगळीकडे शांत पांढरा उजेड होता. भोकाचा एक टिपका तेवढा उरला. तिने दोरी सोडून जरा मागे बांधली, टिपका मोहरीएवढा झाला. किटली जराशी फिरवली, तेव्हा तो तोटीच्या मुळाशी सावलीत गेला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे हातोडा वाजू लागला. तिचा ऊर भरून आला. उठला एकदाचा! कामाला बसला! तिने मनोमन हात जोडले आणि फोटो काढत राहिली. एरवी तिने तो आवाज ओळखला असता. मठारताना पोकळ भांडं गातं, आणि हा आवाज गात नव्हता. पण चादरीमागे तिचं सगळं लक्ष फोटोत होतं.

फोटो असा आला, की प्रत्येक ठोका सुटा मोजून घ्यावा. तिने तो तिथल्या तिथे पाठवला, किटली काखेत मारली आणि दुकानात धावली.

ऐरणीवर तांब्याचा एक चपटा थर होता. त्याच्यावर आणखी एक. जमिनीवर मोडक्या तोट्या आणि कड्या पडल्या होत्या. तांबट घामाघूम झाला होता. बिघडलेलं भांडं अख्खं भंगारात द्यायचं नाही, आपल्या छापाचा डागी माल कुणी उद्या विकू नये, म्हणून आपल्या हाताने चेपूनच द्यायचं, हा त्याच्या बापाचा शिरस्ता. सात किटल्या त्याने चेपल्या होत्या. त्याने तिच्यापुढे हात केला.

"आण, तीही आण."

ती दारात थिजली. तिच्या मनात एक विचार येऊन गेला, की बोलूच नये. डाग होते असंच समजू दे याला. मग निदान चांगल्या किटल्या मोडल्या असं तरी होणार नाही. पण त्याचा हात पुढे होता, आणि तो हात गेला आहे असं त्या माणसाला वाटत होतं. तिने किटली छातीशी धरली.

"डाग नव्हता हो. ती मी होते." तिने फोन पुढे केला.

त्याने बराच वेळ फोटो पाहिला. "फोनात पुसलास तू. पुसता येतं म्हणे."

"मग तुम्ही काढा." तिने किटली कागदाविनाच फळीवर ठेवली आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने आयुष्यातला पहिला फोटो काढला. तिने तो ताणून दाखवला. किटलीच्या पोटात डोक्यावर टोपी घातलेला एक लहानसा काळा माणूस उभा होता.

"आता डावीकडे सरका. काढा पुन्हा."

काळा माणूसही सरकला होता. तांबट आणखी सरकला. पुन्हा फोटो काढला. मग त्याने फोन खाली केला.

"म्हणजे डाग नव्हता."

"नव्हता."

"एकीवरही?"

 तिने नाही म्हणून मान हलवली. तो ऐरणीजवळ गेला, वरचा चपटा पत्रा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मठारल्याचे ठोके अजून लागत होते, सगळे सारखे. मग तो खाली बसला आणि मोठ्याने रडला. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे तिला काही सुचलं नाही.

भंगारवाला आला, तेव्हा तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दिवेलागणीला फोन वाजला. फोटो पास झाला होता. खाली एक प्रश्न होता, किती नग उपलब्ध आहेत?

"काय लिहू?" तिने विचारलं.

"एक," तो म्हणाला.

तिने लिहिलं. भाचीने सांगून ठेवलं होतं, की नाकारलेले फोटो पुसून टाक, फोनमध्ये जागा होईल. तिने ते उघडले आणि पुसायला बोट नेलं, तर तांबटाने तिचं मनगट धरलं. तो तिच्याजवळ सरकला आणि एकेक फोटो पुढे सारत बघू लागला. मोडलेल्या सातही किटल्या त्यांत होत्या, अंगभर ठोके, कुठे एक चूक नाही. आणि प्रत्येकीच्या पोटात काळी शाल पांघरून, दोन्ही हातांत फोन घट्ट धरून ती उभी होती.