सुमनच्या शुक्रावर माझी लिलिथ

माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं, ते ऐकाच! हसा बिनधास्त, मला सवय आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कोराडीच्या वीज केंद्रात कारकून, आणि नाद पत्रिका बघायचा. एका मित्रानं परदेशी ज्योतिषाचं पुस्तक आणून दिलं. त्यात भेटली लिलिथ! हा ग्रह नाही बरं का, चंद्राच्या कक्षेतला पृथ्वीपासून सगळ्यात लांबचा बिंदू. नऊएक वर्षांत राशीचक्र फिरून येतो. नवरा-बायकोत एकाची लिलिथ दुसऱ्याच्या शुक्रावर पडली, तीही दोन-तीन अंशांच्या आत, तर शुक्रवाल्याला लिलिथवाल्याची चोरटी ओढ लागते म्हणे. मना केलेल्या गोष्टीची लागते ना, तशी! आणि मत्सर तर विचारूच नका.

पुस्तकातल्या कोष्टकात माझी लिलिथ निघाली वृश्चिकेत, बारा अंशांवर. आमच्या सुमनच्या पत्रिकेतला शुक्र? वृश्चिक, बारा! मी उडालोच. लग्नाला अकरा वर्षं झाली, बिचारी बायको माझ्यापायी आतल्या आत जळतेय आणि मला पत्ताच नाही?

ठरवलं, तिच्या जिवाला घोर नको. परक्या बाईशी बोलायचंच नाही. शेजारच्या कुसुमवहिनी वाटीभर साखर मागायला आल्या, मी मोरीत लपलो. बस स्टॉपवर समोर दिसल्या, मी कोळशाच्या ट्रकमागे! घरी आलो तो काळाठिक्कर होऊन.

कॉलनीला डोळे नसतात का? आठवड्यात कुजबुज सुरू झाली. मग सुमननं धरलंच.

"काहून जी, कुसुमले पाहून तोंड लपवून राहिले?"

"तुह्याच भल्यासाठी वं! तुले जळफळाट नको व्हायले."

"म्हणजे मी जळावं असं काही हाय?"

सुमन बॅग भरून कामठीला माहेरी निघून गेली.

दोन दिवस मी स्वतःच्या हातचं कच्चं पिठलं खाल्लं आणि, लाज कशाची, चक्क रडलो. तिसऱ्या दिवशी दोन्ही पत्रिका घेऊन सासऱ्यांपुढे हजर झालो. ते निवृत्त मास्तर, पंचांगात मुरलेले.

त्यांनी चष्मा वर केला. "जावईबापू, हा शुक्र आपल्या पंचांगातला, निरयन. हे लिलिथ का काय ते परदेशी कोष्टकातलं, सायन. दोन्ही मोजणीत तेवीस अंशांचा फरक असते, अयनांश! तो कोण वजा करन?"

वजा केला. लिलिथ सरकली तुळेत, एकोणीस अंशांवर. शुक्र राहिला तेवीस अंश लांब. युती-बिती काही नाहीच!

माझा चेहरा पडला. "म्हणजे हिले माही ओढ...?"

दाराआडून सुमन फिसकन हसली. बॅग तिनं आधीच भरून ठेवली होती. "चला घरी! एकाही ग्रहाची मदत नसतानी अकरा वर्षं तुमच्यापाशी राहिली मी. उपकार माना!"

मानतो हो! त्या दिवसापासून रोज सकाळचा चहा मी करतो आणि मनातल्या मनात तिच्यापुढे हात जोडतो.

फक्त कुसुमवहिनींचं काही जमलं नाही. मला पाहिलं की आता त्याच कोळशाच्या ट्रकमागे लपायच्या.