सहाव्या लेनची खूण

बदलापुरात खरवईच्या अलीकडे एक शाळा आहे. तिथल्या पीटीच्या संजीवनी मॅडम म्हणजे मोठं करारी प्रकरण. दिवाळीची सुट्टी संपली की बाई दोरी, खुंटी, टेप आणि फक्कीचं घमेलं घेऊन मैदानात उतरणार. मदतीला आलेल्या शिपायाला सांगणार, "तुम्ही नुसती खुंटी धरा, बाकी मी बघते." अंबरनाथच्या शाळासुद्धा ट्रॅक आखायला त्यांनाच बोलवायच्या.

यंदा मात्र गोची झाली. नव्या इमारतीच्या बांधकामाभोवतीचे पत्रे मैदानात आत सरकले आणि रुंदी कमी पडली. बाईंनी चरफडत सहाही लेन नेहमीच्या एक मीटर बावीस सेंटीमीटरऐवजी एकेक मीटरच्या केल्या. आतला ट्रॅक मात्र दोनशे मीटरचाच ठेवला. चाळीस-चाळीसच्या दोन सरळ रेघा, आणि उरलेले एकशेवीस दोन अर्धवर्तुळांत. सुरुवातीच्या खुणा त्यांनी महिन्यापूर्वीच मारून टाकल्या.

आज दोनशे मीटरची निवड होती. जिल्ह्याला एकच मुलगी जाणार होती. पहिल्या लेनमध्ये बुवापाड्याची यशोधरा, सहाव्यात तेजल. तेजल म्हणजे मॅडमचीच लेक, आणि वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. सकाळपासून बाईंनी टेप चारदा उलगडून परत गुंडाळली होती. वरून चेहरा मात्र असा, की आपलं काहीच नाही!

मुली जागेवर उभ्या राहिल्या आणि यशोधराचे वडील राजेंद्र दोरीखालून थेट आत आले.

"मॅडम, हे काय चाललंय? तुमची पोरगी एवढी पुढं आणि आमची मागं? पब्लिक येडी आहे काय?"

दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. बाईंनी जमिनीवर बोटानं दोन रेघा ओढल्या. "सरळ भाग सगळ्यांना सारखाच. फरक पडतो वळणावर. दोन वळणं जोडली की एक पूर्ण गोल होतो. बाहेरच्या मुलीचा गोल मोठा, म्हणून तिला पळायला जास्त. तेवढंच तिला आधी पुढं उभं करायचं, म्हणजे सगळ्या दोनशेच पळतात."

"पण किती पुढं, ते कसं ठरवता?"

"लेनच्या रुंदीवरून. रुंदी गुणिले दोन, गुणिले तीन पूर्णांक चौदा. मैदान लहान असो की मोठं, दर लेनला सात मीटर सहासष्ट सेंटीमीटर. तोंडपाठ आहे मला."

राजेंद्रनी मान हलवली. "मानलं, मॅडम. माफ करा." आणि ते मागे फिरले.

बाईंनी शिट्टी ओठांना लावली. आणि 'लेनच्या रुंदीवरून' हे आपलेच शब्द त्यांना पुन्हा ऐकू आले. सात सहासष्ट हे एक बावीसच्या लेनला! आपल्या लेन एक मीटरच्या. म्हणजे दर लेनला सहा अठ्ठावीसच हवेत. पाच लेन बाहेर उभी असलेली तेजल जवळजवळ सात मीटर फुकटची पुढं होती.

अगं बाई! आता?

कुणालाच कळलं नव्हतं. भांडायला आलेला माणूस माफी मागून गेला होता. शिट्टी वाजवली की पोरगी जिल्ह्याला जाणार, यात शंकाच नव्हती. समोर यशोधरा दोन्ही हात जमिनीला टेकून, मान खाली घालून, त्याच शिट्टीची वाट बघत होती. एवढ्या वर्षांत शिट्टी कधी इतकी जड झाली नव्हती.

"थांबा!" त्या ओरडल्या. "खुणा चुकल्यात. माझ्याकडून चुकल्यात."

मैदानभर कुजबुज उठली. बाईंनी पायानं जुनी फक्की पुसली, टेप धरून दुसऱ्या लेनपासून पुन्हा मोजलं. सहाव्या लेनला आल्यावर त्यांनी लेकीकडे वर बघितलं नाही.

"मागे ये, तेजू."

"किती?"

"इथं."

शर्यत झाली. शेवटच्या सरळ रेघेत दोघी बरोबरीनं आल्या आणि यशोधरा हातभर पुढं निघून गेली. राजेंद्र लेकीला उचलून नाचत होते. बाईंनी निकाल स्वतः मोठ्यानं वाचला.

तेजल पत्र्यांच्या सावलीत बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"जुन्या खुणेवर मी जिंकले असते ना?"

"हो. जिंकली असतीस."

"त्याचं काही नाही गं मला." तेजलचे डोळे भरून आले. "महिनाभर मी सहाव्या लेनमध्ये त्याच खुणेवरून प्रॅक्टिस केली. रोज गेल्या वर्षीपेक्षा कमी टायमिंग यायचं. मला वाटायचं, मी फास्ट झालेय. तेवढ्यावरच खूश होते मी. नाहीतर अजून घाम गाळला असता ना, आई."

बाईंनी लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि नाडीची गाठ सोडवायला लागल्या. गाठ काही सुटेना.