घर्षण सरांचं जड चाक

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांना सगळे ‘घर्षण सर’ म्हणायचे. प्रयोगशाळेत कुठलंही उत्तर चुकलं की सर लगेच म्हणत, "घर्षण! दुसरं काय?" घरी बायकोशी वाजलं तरी कारण तेच. मी त्याच प्रयोगशाळेत शिकवत होते. सर म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण हट्टी असा की डोक्याला हात लावावा!

परीक्षेच्या आठवड्यात कप्पीच्या प्रयोगाची हलकी कप्पी मोडली. नवी मागवायला वेळ नव्हता, म्हणून सर जुन्या शिलाई मशीनचं चाक उचलून घेऊन आले. सगळं वजन कडेच्या लोखंडात, आणि कडेवर दोरासाठी खोबण.

"सर, हे फार जड आहे," मी म्हटलं.

"जड असलं म्हणून काय झालं? गोल आहे ना?"

मी ते चाक स्टँडच्या आसावर चढवलं.

परीक्षेला माझी भाची पहिल्याच गटात होती. आधीच एकदा याच विषयात नापास झालेली. आता अडकली तर वर्ष गेलं. तिनं दोरीच्या एका टोकाला जड वजन लावलं, दुसऱ्याला हलकं, आणि सोडून वेळ मोजला. जड वजन खाली आलं ते अगदी निवांत. त्याचा प्रवेग पुस्तकातल्या सूत्राच्या निम्मा निघाला. पोरगी पांढरी पडली. तरी तिनं आकडा जसा आला तसाच लिहिला.

सरांनी तिचा कागद पाहिला आणि धावत तेलाची कुपी आणली. "घर्षण!"

तेल आसाला घालायचं होतं. घाईत सरांनी अख्ख्या चाकालाच न्हाऊ घातलं, खोबणीसकट. मग दुसरा गट आला. आणि काय चमत्कार! जड वजन सरसर खाली. उत्तरं पुस्तकाच्या जवळ, आणि उरलेली कसर पोरांनी पेन्सिलीनं आकडे बदलून भरून काढली. बाहेरून आलेले परीक्षक खूश. सरांची छाती फुगली.

"पहिल्या गटातली ही मुलगी मात्र..." परीक्षकांनी भाचीच्या कागदावर लाल पेन टेकवला.

"सर, थांबा!" भाची पुढे आली. "चाकाकडे बघा ना. माझ्या वेळी ते दोराबरोबर फिरत होतं. आता दोरच घसरतोय, चाक नुसतं हलतंय."

वजनं पुन्हा सोडली आणि सगळ्यांनी पाहिलं. खरंच! दोर भरभर पळत होता आणि चाक झोपेतून उठल्यासारखं रेंगाळत होतं. एवढ्या जणांनी प्रयोग केला आणि चाकाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

परीक्षक खुर्चीतून पुढे झुकले. "मग तुझं उत्तर निम्मं का आलं?"

"चाक जड आहे. त्याला फिरवायला कुणीतरी ओढायला हवं ना? दोन्ही बाजूंचा दोर सारखाच ताणलेला असेल, तर एक चाकाला इकडे ओढतो, दुसरा तितकंच तिकडे. मग चाक वेग कसा घेणार? म्हणून जड बाजूचा ताण जास्त असतो. तो जो जास्तीचा असतो, तोच चाकाला फिरवतो. वजनं दोन, पण ओढायची तीन! म्हणून सगळं सावकाश. हलक्या कप्पीला फिरवायला जवळजवळ काही लागतच नाही, म्हणून पुस्तकात दोन्ही ताण सारखे धरतात."

"आणि तेल घातल्यावर?"

भाचीनं सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना उघडं पाडणं तिच्या जिवावर आलं होतं.

सर उभे राहिले. कानापर्यंत लाल. मला वाटलं, आता हा हट्टी माणूस तिच्यावरच ढकलणार. मी बाह्या सरसावल्या.

"दोराला चाक पकडता येतं ते घर्षणामुळे," सर हळू आवाजात म्हणाले. "मी तेल ओतून ती पकड घालवली. मग दोन्ही ताण जवळपास सारखे झाले आणि चाक मागे पडलं. पुस्तकाजवळचं उत्तर आलं ते माझ्या चुकीनं. हिचं उत्तर बरोबर आहे."

त्यांनी स्वतःच्या रुमालानं खोबण पुसली, तोच रुमाल रॉकेलमध्ये भिजवून ती धुतली, नवा दोर चढवला आणि वजनं सोडली. चाक फिरलं, आणि प्रवेग पुन्हा निम्मा. पेन्सिलवाल्या गटाला परीक्षकांनी प्रयोग पुन्हा करायला बसवलं.

भाचीच्या कागदावर मार्क पडले, पासापेक्षा बरेच वर. तिचे ओठ थरथरायला लागले.

"सर, आता रडू का?"

"रड, बाळा," सर म्हणाले, आणि तिच्याआधी स्वतःच डोळे पुसायला लागले, तेही त्याच रॉकेलच्या रुमालानं. मग काय! पोरगी रडायची राहिली बाजूला, आम्ही दोघी सरांना धरून नळाकडे पळालो.