राग प्लमेट झाला

परदेशी नोकरीसाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेत आलेखाचं वर्णन लिहावं लागतं. चंद्रपुरात त्याचे क्लास घेणाऱ्या पुनम मॅडमचा राग कायम नाकावर. आलेखाची रेघ जराशी उतरली आणि कोणी ‘प्लमेट’ लिहिलं, की त्या कडाडायच्या, “काऊन, कड्यावरून पडली काय ती?”

आज अहेरीच्या दिव्यानी सिस्टरने एकदाच घसरून खालीच राहिलेल्या रेघेला ‘फ्लक्चुएट’ लिहिलं.

“अवो, घडीघडी वर-खाली झाली तरच फ्लक्चुएट! हे नुसतं ‘फॉल’ आहे. कुठी शिकली हे?”

“घरीच, मॅडम. आमच्या इथी व्होल्टेज फ्लक्चुएट झालं, की पंखा मंदच होते. वर येताना मी त कधी पाह्यलंच नाई.”

मॅडमना हसू आवरेना. राग असा धाडकन खाली आला, की ‘प्लमेट’ लिहायला त्यांचीही हरकत नव्हती.