चालत नाही

माझ्या मोठ्या जाऊबाई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत, आणि मी त्यांच्या हाताखाली खोकी उचलते. त्यांच्या प्रश्नांनी माझं डोकं पिकलं आहे. सर्दीचं औषध मागायला एक टकले आजोबा आले, तर त्यांनाही विचारलं, "कोणासाठी? घरात कुणाला दिवस गेलेत? कुणी अंगावर पाजतंय?" मी हसू दाबायला मागे पळाले. पण औषध हवं होतं आजोबांच्या लेकीला, आणि तिचं बाळ दीड महिन्याचं निघालं. त्या बाटलीतल्या औषधाचा अंश दुधातून गेला असता आणि बाळ गुंगीत पडलं असतं. जाऊबाईंनी दुसरं दिलं. त्या दिवसापुरतं माझं हसू जिरलं.

गल्ल्याच्या काचेवर त्यांच्याच अक्षरातला कागद चिकटवलाय: 'कितवा महिना, बाळ केवढं, कशासाठी औषध हवं, आणखी काय घेता, सगळं सांगा. पाकीट सोबत आणा.' उत्तर देताना त्या 'चालतं' म्हणत नाहीत, 'चालत नाही' तर मुळीच नाही. पुढचं काहीतरी लांबलचक सांगतात. गिऱ्हाईक घड्याळ बघतं, मी छत बघते.

आणखी एक खोड. खालच्या खणात फिटच्या गोळ्यांची एक जुनी पट्टी पडून आहे, सहा गोळ्या उरलेली. तारीख उलटून कितीतरी वर्षं झाली. एकदा मी ती टाकायला उचलली, तर बाईसाहेबांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला. वर महिन्याकाठी दाढीची पाती न्यायला एक गृहस्थ येतात. ते पायरीवर दिसले रे दिसले की जाऊबाई मागच्या खोलीत. मला वाटायचं, काही जुनं भांडण असेल.

मागच्या महिन्यात भर दुपारी एक मुलगी आली. काचेवर पट्टी ठेवली. तीच फिटची गोळी, व्हॅल्प्रोएट. म्हणाली, दिवस गेल्याला दोन महिने झालेत, कालच कळलं, आणि ही गोळी बाळाला वाईट असं कुठंतरी वाचलं.

"म्हणजे चालत नाही ना? मग मी आजपासून बंद करते."

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या गल्ला सोडून बाहेर आल्या, मुलीला स्टुलावर बसवलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बाळाला धोका आहे, ते खोटं नाही. पण मनानं बंद केलीस तर मोठी फिट येऊन तुझाच जीव जाऊ शकतो. रात्रीची गोळी घ्यायची. बदलायची का, कशी बदलायची, ते डॉक्टर ठरवतील, आणि ते आजच."

मग शेवटची फिट कधी आली, डोस किती, आणखी काय चालू आहे, सगळं विचारून त्यांनी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. संध्याकाळची वेळ मिळाली. मुलगी उठेना. तुम्ही एवढ्या का घाबरलात, म्हणाली. तेव्हा जाऊबाईंनी खण उघडून ती जुनी पट्टी तिच्यापुढे ठेवली.

अकरा वर्षांपूर्वी दुकानात गर्दी होती, त्या सांगू लागल्या. पिवळ्या ओढणीतल्या एका बाईनं हीच पट्टी दाखवून विचारलं होतं, दिवस गेलेत, चालतं का? यांनी मानही वर केली नाही. नाही चालत, एवढं बोलून पुढच्याचं औषध काढायला वळल्या. एकोणीस दिवसांनी तिचा नवरा उरलेल्या गोळ्या परत घेऊन आला. आता लागणार नाहीत, म्हणाला. तिनं गोळ्या बंद केल्या होत्या, न्हाणीत फिट आली होती.

"बोलले ते खरंच होतं," जाऊबाई म्हणाल्या. "अर्धं बोलले."

मुलगी गेली. अकरा वर्षं ही बाई रोज त्याच काचेमागे उभी राहते, आणि मी हिची टिंगल करत होते. स्वतःचीच लाज वाटली मला.

चार दिवसांनी पातीवाले गृहस्थ पायरी चढले. मी सवयीनं पुढे झाले. जाऊबाईंनी मला बाजूला केलं.

"तुमच्या बायकोनं विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मला. नाही चालत, असं मी म्हटलं होतं."

गृहस्थांनी काचेवरच्या कागदाकडे बघितलं. अगदी हळू बोलले.

"माहीत आहे. घरी येऊन तिनं सांगितलं होतं. दोन दिवसांनी तिला धाकधूक वाटायला लागली, पुन्हा जाऊन विचारू का म्हणाली. मी म्हटलं, एकदा विचारलंस ना, किती वेळा विचारणार."

त्यांनी पाती घेतली नाहीत. दोघंही काचेच्या दोन बाजूंना तशीच उभी राहिली. मागून कुणीतरी ताप आलाय म्हणून गोळी मागत होतं. या वेळी मीच विचारलं, कोणासाठी?