वरचे सहा, खालचे सहा

रांगोळी विकणाऱ्या धुरपताबाईंना निकितानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते ताडकळसच्या आठवडी बाजारात. एक बाई प्लॅस्टिकचा छापा पुढं करून त्यातून पडेल अशी बारीक रांगोळी मागत होती. धुरपताबाईंनी तो छापा मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरून तिच्याच पिशवीत टाकला आणि पोत्यावरची रांगोळी वाटीनं भरून दिली. "बोटं देवानं दिलीत, त्याचं काय करायलीस?" एवढंच विचारलं.

निकिता इन्स्टाग्रामवर रांगोळ्या टाकायची. त्या दिवाळीत तिनं सात चित्रांची पोस्ट केली. पहिल्या चित्रात पुरी रांगोळी, दुसऱ्यात नुसते ठिपके, पुढच्या प्रत्येकात थोड्या रेषा आणि शेवटी रंग. प्रत्येक टप्प्याला स्टुलावर चढून वरून फोटो काढला होता. नऊशे जणींनी पोस्ट जतन करून ठेवली. दोन दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. पाचव्या चित्राला पाकळ्यांची टोकं मिटत नाहीत. पाडव्याच्या आत चूक सापडली नाही, तर तिच्या रांगोळीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिच्या स्वतःच्या अंगणातली तर बरोबर आली होती.

रांगोळी घ्यायला गेली तेव्हा तिनं फोन धुरपताबाईंपुढं धरला. त्यांनी तोंड वाकडं केलं, काचेला बोट न लावता ठिपक्यांच्या ओळी मोजल्या आणि विचारलं, किती ते किती. अकरा ते सहा, मधला ठिपका, निकिता म्हणाली. म्हणजे मधल्या ओळीत अकरा. वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध एकेक कमी करत सहापर्यंत.

"मग ओळी अकरा पाहिजेत. हितं नऊच हायत. वरचे सहा, खालचे सहा गिळले का तुझ्या फोननं?"

गिळलेच होते. पहिला फोटो तिनं आडवा कापला होता, बाकीचे उभे होते. पोस्ट करताना सगळे पहिल्याच्या मापात बसले आणि वरखालून कापले गेले.

"आकडा लिहिला का न्हाई कुठं?"

"फोटोत दिसतंयच की, मावशी."

"ठिपके आधी मोजून सांगायचे असतात, मग दाखवायचे. नऊशे जणींनी चुकीची रांगोळी जपून ठेवलीय. लय मोठं काम केलंस."

निकिताला ते झोंबलं. पोस्ट काढली तर नऊशेचा आकडाही जाणार होता. बसथांब्यावर उभ्या उभ्या तिनं ती काढून टाकली. घरी येऊन सातही फोटो एकाच मापाचे केले, पहिल्यावरच 'अकरा ते सहा, मधला ठिपका' असं लिहिलं आणि पुन्हा टाकले. पाडव्याला तिच्याच गल्लीत तीन दारांत ती रांगोळी नीट मिटलेली दिसली. धुरपताबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तीनच का.

आता निकिता प्रत्येक पोस्ट आधी त्यांच्याकडून मोजून घेते. धुरपताबाई अजून त्याच पोत्यामागं बसतात आणि त्यांच्याकडं बटणांचाच फोन आहे.